रिपोर्ट इटालियन, पेशंट भिवंडीकर!

रविवारची दुपार. जेवून जरा आडवी होणार, तेवढ्यात मोबाइल वाजला.

'ताई, तुम्ही इटालियनचं भाषांतर करता ना?'

'करते. कुठल्या लूमचं मॅन्युअल आहे?'

'लूमचं नाही ताई. रक्ताचं आहे.'

भिवंडीचा आणि माझा संबंध लूममुळेच जुळला. इथल्या काही कारखान्यांत इटालियन रॅपियर लूम आहेत. मशीनबरोबर येणारी जाडजूड पुस्तकं मी अधूनमधून मराठीत आणि इंग्रजीत करून देते. स्वल्पविराम चुकला की सुट्या भागाची चुकीची ऑर्डर जाते, हे मला चांगलं ठाऊक होतं. पण रक्ताच्या रिपोर्टात स्वल्पविराम चुकला तर काय होतं, ते त्या रविवारपर्यंत कधी शिकावं लागलं नव्हतं.

फोन करणारा तिशीतला इंजिनिअर. इटलीत बर्गामोजवळच्या एका कंपनीत दोन वर्षं काम करून परत आलेला. आजोबा कच्छहून भिवंडीत आले आणि घर इथलंच झालं. आता तो मानकोलीच्या एका वेअरहाऊसमध्ये ऑपरेशन्स बघतो. लग्नाला वर्ष झालंय आणि बायकोला नववा आठवडा सुरू आहे. तिच्या डॉक्टरबाईंनी पहिल्याच भेटीत विचारलं, 'मिस्टरांच्या रक्ताचा एखादा रिपोर्ट आहे का?' रिपोर्ट होता, पण इटालियनमध्ये. डॉक्टरबाई हसून म्हणाल्या, 'हे कुणाकडून तरी समजून घेऊन या. लवकर.'

'लवकर' का, ते मला तेव्हा कळलं नाही. त्यालाही कळलं नव्हतं.

जीबी म्हणजे गिगाबाइट नव्हे

त्यानं व्हॉट्सॲपवर एक फोटो पाठवला. नाव, जन्मतारीख, नमुना घेतल्याची तारीख आणि खाली हे:

```
Sg-EMOCROMO
GB       6,8    10^9/L      4,0 - 10,0
GR       6,12   10^12/L     4,50 - 5,90   *
HGB      12,4   g/dL        13,5 - 17,5   *
HCT      39,0   %           41,0 - 53,0   *
MCV      63,7   fL          80,0 - 98,0   *
PLT      254    10^9/L      150 - 400
VES      6      mm/h        < 15
S-PCR    1,2    mg/L        < 5,0
HbA1c    38     mmol/mol    20 - 42
```

पहिल्या नजरेला वाटतं, यात भाषांतर करण्यासारखं आहे काय? अर्धं तर इंग्रजीच दिसतंय. खरी गंमत तिथेच आहे. जे शब्द परके दिसतात ते आपण डिक्शनरीत बघतो. जे ओळखीचे दिसतात, ते फसवतात.

एमोक्रोमो म्हणजे आपला सीबीसी. त्याच्या आधीचं 'एसजी' म्हणजे सांग्वे, रक्त. 'एस' म्हणजे सिएरो, सिरम. नमुना कशाचा घेतला, एवढंच ती अक्षरं सांगतात. जीबी म्हणजे ग्लोबुली बियांकी, अर्थात पांढऱ्या पेशी, आपली डब्ल्यूबीसी. जीआर म्हणजे ग्लोबुली रोस्सी, तांबड्या पेशी, आपली आरबीसी. प्लेटलेट्सना इटालियनमध्ये पियास्त्रीने म्हणतात, पण छापतात मात्र पीएलटी. आणि व्हीईएस म्हणजे आपला रोजचा ईएसआर. शब्द तेच, फक्त इटालियन क्रमानं आलेले.

एवढ्यात फोनवर मागून त्याच्या आईचा आवाज आला. 'अगं, त्यात पीसीआर लिहिलंय. म्हणजे कोरोनाचं ना?'

त्यांचं चुकलं नव्हतं. २०२०च्या मार्चमध्ये बर्गामोच्या बातम्या आपण सगळ्यांनीच पाहिल्या होत्या. मुलगा तिथे राहून आलेला म्हटल्यावर 'पीसीआर' हे अक्षर घरात धडकी भरवणारच. पण इटालियन रिपोर्टातलं पीसीआर म्हणजे प्रोतेइना ची रेआत्तीवा. शरीरात कुठे दाह असेल तर वाढणारं प्रथिन. आपल्याकडे त्याला सीआरपी म्हणतात. तीच तीन अक्षरं, फक्त जागा बदललेली. आता विचार करा, भाषांतरकारानं 'हे काय, इंग्रजीच आहे' म्हणून पीसीआर तसंच ठेवलं तर समोरचे डॉक्टर विचारणार, कुठल्या विषाणूचं पीसीआर, आणि १.२ हा आकडा कशाचा?

मी आईंना म्हटलं, 'काकू, ही कोरोनाची टेस्ट नाही. आणि आकडा नॉर्मल आहे.' मग जीभ चावली. आकडा दिलेल्या मर्यादेत आहे एवढंच मी म्हणू शकते. 'नॉर्मल' म्हणणं हे डॉक्टरांचं काम.

स्वल्पविराम बोलतो

दुसरा मुद्दा आकड्यांचा. इटलीत दशांशासाठी स्वल्पविराम वापरतात आणि हजारांसाठी टिंब. म्हणजे आपल्या बरोबर उलटं. १२,४ म्हणजे १२.४. इथे कुणी बारा हजार चारशे वाचणार नाही, हे खरं. पण त्यानं नंतर आणखी एक रिपोर्ट पाठवला. दोन वर्षांपूर्वीचा, दुसऱ्या लॅबचा. त्यात पांढऱ्या पेशी अशा लिहिल्या होत्या:

```
GB    6.800   /mmc
PLT   254.000 /mmc
```

हे ६.८ नाही. सहा हजार आठशे आहे. आणि ते 'एमएमसी' कुठल्या चाचणीचं नाव नाही, की मिलिमीटरचं चुकलेलं स्पेलिंगही नाही. ते आहे मिलिमेत्री कुबी, घन मिलिमीटर. जुन्या वळणाच्या इटालियन लॅब आजही असं छापतात. भारतीय डॉक्टरांसाठी ओळ अशी लिहायची: पांढऱ्या पेशी ६,८०० प्रति घन मिलिमीटर. प्लेटलेट्स २,५४,००० प्रति घन मिलिमीटर, म्हणजे आपल्या बोलीत 'अडीच लाखाच्या वर'.

आता पहिल्या रिपोर्टातले २५४ आणि दुसऱ्यातले २५४.००० बघा. पहिला आकडा एका लिटरमध्ये किती अब्ज पेशी ते सांगतो, दुसरा एका घन मिलिमीटरमध्ये किती पेशी ते. एकच गोष्ट, दोन वेष. मात्र एकक न बघता आकडे शेजारी मांडले तर कुणालाही वाटेल, प्लेटलेट्स एकदम कोसळल्या.

इथे एक जुनी ट्रिक उपयोगी पडते. सीबीसीतले काही आकडे एकमेकांशी बांधलेले असतात. तांबड्या पेशींची संख्या गुणिले एमसीव्ही, भागिले दहा, म्हणजे हिमॅटोक्रिट. आपल्या रिपोर्टात ६.१२ गुणिले ६३.७ म्हणजे ३८९.८. दहानं भागलं की ३८.९८. छापलेला आकडा ३९.०. जुळलं! जर मी टाइप करताना ६.१२चं ६१.२ केलं असतं, किंवा ६३.७चं ७३.६, तर हा हिशेब लगेच फसला असता. लॅब तपासायला नाही, स्वतःचं टायपिंग तपासायला हा हिशेब वापरायचा. दोन मिनिटांचं काम, पण मी आता ते केल्याशिवाय फाइल पाठवत नाही.

'अडतीस शुगर?'

मग आली शेवटची ओळ. तो म्हणाला, 'ताई, हे एचबीएवनसी तर मला कळतं. बाबांचं दर तीन महिन्यांनी काढतो. त्यांचं सात आलं की घरात लेक्चर सुरू होतं. माझं अडतीस?'

बाबांचे सात म्हणजे सात टक्के. भारतातल्या बहुतेक लॅब टक्क्यांतच देतात. इटलीत मात्र हा आकडा मिलिमोल प्रति मोल या एककात छापतात. दोन्ही पट्ट्या वेगळ्या, पण त्यांना जोडणारं सूत्र ठरलेलं आहे. आकड्याला ०.०९१५ने गुणायचं आणि त्यात २.१५ मिळवायचे. ३८ला गुणलं की येतात ३.४८. त्यात २.१५ मिळवले की ५.६३. म्हणजे ५.६ टक्के. लेक्चर टळलं!

इथेच भाषांतराचा सगळ्यात मोठा नियम येतो. मी ३८ खोडून ५.६ लिहिलं नाही. मूळ आकडा, मूळ एकक, मूळ मर्यादा, सगळं जसंच्या तसं ठेवलं. शेजारी एक वेगळा रकाना केला आणि वर लिहिलं, 'भाषांतरकारानं केलेलं रूपांतर'. कारण उद्या कुणाला शंका आली तर मूळ रिपोर्ट आणि माझं पान शेजारी ठेवून ओळ न ओळ जुळली पाहिजे. आणि माझा हिशेब चुकला असेल, तर चूक माझ्या रकान्यात सापडली पाहिजे, लॅबच्या नाही.

मर्यादांचंही तसंच. हिमोग्लोबिनची या लॅबची खालची मर्यादा १३.५. आपल्याकडच्या अनेक लॅब पुरुषांसाठी १३ छापतात. मोह होतो की आपली इथली मर्यादा टाकून द्यावी, डॉक्टरांना सोपं जाईल. अजिबात नाही. मर्यादा ही त्या लॅबचं मशीन आणि त्यांची पद्धत यांच्याशी बांधलेली असते. ती बदलली की शेजारचा तारा, तो छोटासा ॲस्टेरिस्क, खोटा ठरतो.

एक छोटी ओळ: पान १, एकूण २

पान पूर्ण झालं. मी फाइल पाठवणार, इतक्यात फोटोच्या अगदी तळाशी नजर गेली. बारीक अक्षरांत छापलं होतं, 'पाजिना १ दी २'. दोनपैकी पहिलं पान.

मी फोन केला. 'दुसरं पान कुठाय?'

'त्यात काही नव्हतं ताई. दोन-तीनच ओळी होत्या. सगळे आकडे याच पानावर आहेत.'

'त्या दोन-तीन ओळीच पाठव.'

मला अंदाज नव्हता, असं नाही. पहिल्या पानावर एक विचित्र जोडी दिसत होती. हिमोग्लोबिन कमी, पेशींचा आकार खूपच लहान, पण पेशींची संख्या मात्र जास्त. लोह कमी पडल्यामुळे पेशी लहान होतात तेव्हा बहुधा त्यांची संख्याही उतरते. इथे ती चढलेली होती. डॉक्टर मंडळी अशा वेळी एमसीव्हीला पेशींच्या संख्येनं भागून बघतात. १३च्या खाली आलं तर एका वेगळ्या शक्यतेकडे बोट जातं. इथे ६३.७ भागिले ६.१२, म्हणजे १०.४. अर्थात हा नुसता इशारा. निदान नव्हे. आणि माझ्या भाषांतरात या भागाकाराला जागाही नव्हती. पण दुसरं पान मागायला तेवढं कारण पुरेसं होतं.

त्यानं बॅगा उपसल्या. रात्री नऊ वाजता फोटो आला.

```
HbA2          5,3    %        2,0 - 3,2    *
HbF           0,9    %        < 1,0
S-Ferritina   118    ng/mL    30 - 400

Quadro compatibile con microcitemia
(portatore sano di beta talassemia).
Si consiglia lo studio del partner.
```

'लहान पेशी' की आणखी काही?

त्या तीन ओळींचं शब्दशः भाषांतर करून बघा. 'लहान पेशींशी सुसंगत चित्र. निरोगी वाहक. पार्टनरच्या अभ्यासाचा सल्ला दिला जातो.' वाचायला गुळगुळीत. पण अर्थाचा पार चुराडा.

'स्तूदिओ' म्हणजे इथे अभ्यास नाही, तपासणी. 'क्वाद्रो' म्हणजे रक्ताचं एकूण चित्र. आणि 'मिक्रोचितेमिया' हा शब्द तर एक आख्खी गोष्ट घेऊन येतो.

१९४०च्या दशकात रोममध्ये एझिओ सिल्वेस्त्रोनी आणि इदा बियांको हे डॉक्टर जोडपं काम करत होतं. त्यांना वरवर निरोगी असलेल्या माणसांच्या रक्तात लहान तांबड्या पेशी सापडल्या आणि हे आई-बापांकडून मुलांत उतरतं, असं दिसलं. त्या अवस्थेला त्यांनी मिक्रोचितेमिया म्हटलं. मग लक्षात आलं, की थॅलेसेमिया मेजरचं मूल जन्माला येतं ते अशा दोन निरोगी माणसांच्या घरी. तेव्हापासून इटलीत हा शब्द थॅलेसेमियाच्या वाहकासाठी रूढ झाला. अशा तपासण्या करणाऱ्या केंद्रांनाही त्याच नावानं ओळखतात.

म्हणजे इटालियन डॉक्टर हा शब्द वाचतो तेव्हा त्याला 'थॅलेसेमिया मायनर' ऐकू येतं. भारतीय डॉक्टर त्याचं इंग्रजी रूप वाचतो तेव्हा त्याला नुसतं 'पेशी लहान आहेत' असं ऐकू येतं. आणि पेशी लहान म्हटलं की हात आपोआप आयर्नच्या गोळ्यांकडे जातो.

मी त्याला विचारलं, 'तुला आयर्न कधी दिलं होतं का?'

'कधी? शाळेत असल्यापासून! आई तर गूळ-शेंगदाणे पण देते. रक्त वाढतच नाही. तिकडे ऑफिसातले सगळे रक्तदानाला गेले, मला हिमोग्लोबिन कमी म्हणून परत पाठवलं. मग तिथल्या डॉक्टरनं या टेस्ट लिहून दिल्या. रिपोर्ट बघून म्हणाला, तुत्तो आ पोस्तो. सगळं ठीक आहे. आणि काहीतरी पोर्तातोरे, पोर्तातोरे. मला वाटलं, काही न्यायला सांगतोय.'

पोर्तातोरे म्हणजे वाहून नेणारा. चूक अगदीच नव्हती!

शेजारचं फेरिटिन बघा. ११८, मर्यादेत. शरीरात लोहाचा साठा आहे. म्हणजे इतकी वर्षं ज्या गोळ्या चालू होत्या, त्यांचा रक्त कमी असण्याशी संबंध नसावा. हे वाक्य मी त्याला सांगितलं नाही. 'फेरिटिनची ओळ डॉक्टरांना नक्की दाखव' एवढंच म्हटलं.

माझ्या भाषांतरात तो शेरा शेवटी असा गेला: 'रक्ताचं चित्र बीटा थॅलेसेमियाच्या निरोगी वाहकाशी, म्हणजे थॅलेसेमिया मायनरशी, जुळणारं आहे. जोडीदाराची तपासणी करावी असा सल्ला.' खाली टीप: 'मूळ शब्द मिक्रोचितेमिया. इटालियन वैद्यकीय वापरात तो थॅलेसेमिया वाहकासाठी येतो.' डॉक्टरबाईंसाठी इंग्रजी प्रत आणि घरच्यांसाठी मराठी, अशा दोन फाइल्स केल्या. 'जुळणारं आहे' हे मी मुद्दाम जपलं. 'वाहक आहे' असं लिहिलं असतं तर लॅबपेक्षा एक पाऊल पुढे गेले असते. आणि 'वाहक असू शकतो' असं लिहिलं असतं तर एक पाऊल मागे.

घड्याळ कुणाचं?

आता डॉक्टरबाईंच्या 'लवकर'चा अर्थ लागतो.

एकटा वाहक असेल तर त्याला सहसा काहीही त्रास नसतो. थोडं कमी हिमोग्लोबिन घेऊन तो क्रिकेट खेळतो, नाइट शिफ्ट करतो, जगतो. पण दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात चारात एक शक्यता असते, की बाळाला थॅलेसेमिया मेजर असेल. म्हणजे दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवायचं, आणि त्या रक्तातून साठणारं लोह काढायला कायम औषधं घ्यायची. थॅलेसेमियाचे वाहक भारतात सगळ्याच समाजांत सापडतात, पण सिंधी, कच्छी, लोहाणा, पंजाबी अशा काही समाजांत प्रमाण जास्त आहे. भिवंडी, कल्याण, उल्हासनगरच्या पट्ट्यात ही घरं कमी नाहीत.

दोघेही वाहक निघाले तर पोटातल्या बाळाची तपासणी करता येते. त्यासाठी वारेचा अगदी छोटा तुकडा घेतात, तो साधारण ११ ते १४ आठवड्यांत. ती इथे नववा आठवडा ओलांडत होती. त्याआधी तिची स्वतःची तपासणी, रिपोर्ट, समुपदेशन आणि दोघांच्या जनुकातला नेमका दोष शोधणं, एवढं सगळं उरकायचं. म्हणजे हातात आठवडे होते, महिने नव्हते. आणि त्यातले काही दिवस 'त्या पानात काही नव्हतं' या एका वाक्यात गेले असते.

इटलीतल्या लॅबनं ती ओळ उगाच छापलेली नाही. सार्डिनिया बेटावर पूर्वी दर अडीचशे जन्मांमागे एक बाळ थॅलेसेमिया मेजरचं असायचं. १९७०च्या दशकात तिथे वाहक शोधण्याची आणि जोडप्यांना माहिती देण्याची मोहीम सुरू झाली. पुढे हे प्रमाण चार हजारांत एकावर आलं. 'जोडीदाराची तपासणी करावी' हे तिथल्या रिपोर्टावरचं वाक्य या अनुभवातून आलेलं आहे. आपल्याकडे ते वाक्य भाषेत अडकून बॅगेच्या तळाशी पडलं होतं.

सोमवारी सकाळी दोघं फाइल घेऊन डॉक्टरबाईंकडे गेले. त्यांनी भाषांतराचं पान उलटलं आणि थेट शेऱ्यावर बोट ठेवलं. तिचं रक्त त्याच दिवशी घेतलं, सीबीसी आणि एचपीएलसी पद्धतीनं हिमोग्लोबिनचे प्रकार मोजण्यासाठी. जांभळ्या झाकणाची एक छोटी ट्यूब, बस्स.

दोन दिवस त्या घरात कुणी नीट जेवलं नाही. आई मला फोन करून विचारायच्या, 'बेटा, तू त्या कागदात आणखी काही वाचलंस का?' मी पुन्हा पुन्हा सांगत होते, 'काकू, कागदात होतं ते सगळं दिलंय. आता उत्तर सूनबाईंच्या रिपोर्टात आहे.'

बुधवारी संध्याकाळी त्याचा मेसेज आला. तिचं एचबीए-टू २.७. एमसीव्ही ८६. आणि लोहसुद्धा ठीक. हे शेवटचं महत्त्वाचं, कारण लोह फार कमी असेल तर एचबीए-टू खाली दिसू शकतं आणि वाहक नजरेतून निसटू शकतो. डॉक्टरबाईंनी तेही बघून मगच सांगितलं, की ती वाहक दिसत नाही. बाळाला मेजरची चिंता नाही. फार तर ते बापासारखं वाहक असेल, दोनात एक शक्यता.

'म्हणजे तेही आयर्न खाणार?' त्यानं विचारलं.

'ते तुझ्या डॉक्टरांना विचार,' मी म्हटलं. 'पण त्याचा रिपोर्ट तरी मराठी माणसाला वाचता येईल अशा लॅबमधून काढ!'

तुमच्याही बॅगेत असा कागद असेल तर

ऑनसाइटहून परत येताना आपण परफ्यूम, चॉकलेट, कॉफी मशीन सगळं नीट पॅक करतो. रिपोर्ट मात्र कुठल्या तरी कप्प्यात. असा रिपोर्ट भाषांतराला देताना एवढं बघा. सगळी पानं द्या, आकडे नसलेलंही. पानाच्या तळाशी किती पानं आहेत ते बघा. लॅबची पीडीएफ असेल तर तीच द्या, कारण फोटोत स्वल्पविराम आणि टिंब एकसारखे दिसतात.

भाषांतर हातात आल्यावर तीन गोष्टी तपासा. मूळ आकडा आणि एकक तसंच आहे का? रूपांतर वेगळ्या रकान्यात आहे का? आणि शेवटचा शेरा पूर्ण आला आहे का? शेरा गाळून नुसतं टेबल दिलं असेल, तर काम अर्धंच झालंय. आणि भाषांतरकार जर आजाराचं नाव सांगायला लागला, किंवा 'काही नाही हो, नॉर्मल आहे' म्हणाला, तर त्याचे आभार माना आणि डॉक्टरांकडे जा. हे मी स्वतःच्या जिभेवरून सांगतेय.

आणि हो, त्या दुसऱ्या पानाची आता लॅमिनेटेड कॉपी झाली आहे. ती फ्रिजवर, मॅग्नेटखाली लावलेली असते. त्याच्या धाकट्या भावाचं लग्न ठरतंय. मुलगी उल्हासनगरची. साखरपुड्याआधी दोघांनीही एकेक जांभळी ट्यूब द्यायची, असा आईंनी फतवा काढलाय.